रात्रीच्या प्रतीत न दिसणारा दिवस

एका ऑर्डरच्या नोंदीपासून सुरुवात करतो. सकाळी 10 वाजून 5 मिनिटांनी ती टेबलात आली. दोन मिनिटांनी तिची स्थिती ‘पैसे मिळाले’ अशी झाली. दुपारी पत्ता बदलला, संध्याकाळी ऑर्डर रद्द झाली. रात्री दोन वाजता आपला जॉब उठतो, सगळे टेबल वाचतो आणि वेअरहाऊसमध्ये ओततो. तिथे या ऑर्डरची एकच गोष्ट पोहोचते: रद्द. पैसे येऊन मग रद्द झाली की पैसे न येताच, पत्ता बदलल्यावर किती वेळाने झाली, यातले काही उरत नाही. विश्लेषण करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

आता आकाराचा विचार करू. समजा, टेबलात 8 कोटी नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद साधारण 250 बाइटची आहे. म्हणजे सुमारे 20 जीबी. दिवसभरात बदलतात त्यातल्या 4 लाख नोंदी, अर्धा टक्का. त्या अर्ध्या टक्क्यासाठी आपण रोज रात्री 20 जीबी वाचतो, पाठवतो आणि पुन्हा लिहितो.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो `updated_at` कॉलमचा: काल रात्रीनंतर जे बदलले तेवढेच आणा. मीही अनेक वर्षे हेच केले. यात डिलीट झालेल्या नोंदी कधीच कळत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. दुसरे छिद्र मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. पोस्टग्रेसमध्ये `now()` ही ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते, कमिटची नव्हे. एखादे ट्रान्झॅक्शन 1:58 ला सुरू होऊन 2:03 ला कमिट झाले, तर नोंदीवर शिक्का पडतो 1:58 चा. आपला जॉब 2:00 ला वाचतो, तेव्हा तो बदल अजून कमिट झालेला नसल्यामुळे दिसत नाही. दुसऱ्या रात्री जॉब 2:00 नंतरचे मागतो, आणि 1:58 चा शिक्का असलेली नोंद त्यातही येत नाही. ती कायमची सुटली. कुठे एरर नाही, लाल दिवा नाही. तीन महिन्यांनी बेरीज जुळत नाही, एवढेच दिसते.

मग बदल विचारायचे कोणाला? डेटाबेस स्वतः प्रत्येक बदल आधीच एका जागी लिहून ठेवत असतो. जुन्या हिशेबाची भाषा वापरायची तर टेबल म्हणजे खतावणी आणि लॉग म्हणजे रोजकीर्द. खतावणीत आजची शिल्लक दिसते, पण व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने ते रोजकीर्दीत असतात. पोस्टग्रेस टेबलाच्या फाइली डिस्कवर बदलण्याआधी हा लॉग लिहितो, कारण मशीन अचानक बंद पडले तर त्यावरूनच सगळे पुन्हा उभे करायचे असते. चेंज डेटा कॅप्चर, म्हणजे सीडीसी, ही रोजकीर्द वाचते. `wal_level` ला `logical` केले की लॉगमधून कोणत्या टेबलातली कोणती नोंद कशी बदलली हे उलगडून काढता येते. 2014 मध्ये आलेल्या 9.4 आवृत्तीपासून ही सोय आहे. डेबेझियमसारखे साधन ते वाचते आणि प्रत्येक बदलाची एक घटना पुढे पाठवते. आपल्या ऑर्डरच्या मग चार घटना निघतात, कमिट झाल्यावर काही सेकंदांत, आणि प्रत्येकीवर लॉगमधली जागा सांगणारा एक क्रमांक असतो: एलएसएन. पुढचे सारे या क्रमांकावर उभे आहे.

लॉग मात्र सृष्टीच्या आरंभापासून साठवलेला नसतो. जुने भाग पुसले जातात. त्यामुळे 8 कोटी नोंदींची पहिली प्रत एकदा घ्यावीच लागते, आणि तिथून पुढे लॉग जोडावा लागतो. इथे सांधा नीट बसला नाही तर बाकी कितीही चांगले असो, आकडे चुकतात. प्रत आधी घेतली आणि लॉगवाचन नंतर सुरू केले, तर मधल्या काळातले बदल हरवतात. पोस्टग्रेस यासाठी चांगली व्यवस्था देतो. लॉजिकल रेप्लिकेशन स्लॉट तयार करताना तो एक एलएसएन सांगतो आणि अगदी त्याच क्षणाचा स्नॅपशॉटही देतो. त्या स्नॅपशॉटमधून प्रत घ्यायची, आणि त्या एलएसएनच्या पुढचे लॉगमधून. फट नाही, दुरुक्तीही नाही. किंमत एवढीच, की प्रत चालू असेपर्यंत एक लांबलचक ट्रान्झॅक्शन उघडे राहते. व्हॅक्यूमला त्या काळातल्या मृत नोंदी साफ करता येत नाहीत, आणि लॉगही साठत जातो. मोठ्या टेबलासाठी प्रत तुकड्यातुकड्याने घेऊन ती लॉगशी जुळवत जाण्याची पद्धत म्हणूनच निघाली. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी डीबीलॉग या नावाने ती मांडली आणि डेबेझियमनेही त्याच कल्पनेवर आपली पद्धत बांधली.

आता वेअरहाऊसच्या बाजूला जाऊ. घटना निदान एकदा येईल, एवढीच खात्री तुम्ही धरा. वाचणारा मध्येच बंद पडला तर शेवटच्या पोच दिलेल्या जागेपासून तो पुन्हा पाठवतो, म्हणजे तुम्ही आधीच लावलेल्या काही घटना परत येतात. म्हणून वेअरहाऊसमधल्या प्रत्येक नोंदीशेजारी तिला शेवटचा बदल कोणत्या एलएसएनने दिला हे लिहून ठेवावे, आणि त्याहून मोठा क्रमांक असेल तेव्हाच नवी घटना लावावी. मला बरेचदा विचारतात, की अनेक ट्रान्झॅक्शन्स एकाच वेळी चालतात, लॉगमध्ये त्यांचे बदल एकमेकांत मिसळलेले असतात, मग ही तुलना चालेल कशी? सगळ्या नोंदींचा मिळून विचार केला तर प्रश्न रास्त आहे. एका नोंदीपुरता पाहिला तर अडचण राहत नाही. पहिल्या ट्रान्झॅक्शनने नोंद बदलली की ते संपेपर्यंत त्या नोंदीवर त्याचे कुलूप असते, दुसऱ्याला थांबावेच लागते. त्यामुळे एकाच नोंदीचे बदल लॉगमध्ये योग्य क्रमानेच उतरतात.

डिलीट मात्र सांभाळून. समजा ऑर्डरच्या घटना 100, 140 आणि 190 या क्रमांकांवर आल्या, आणि 190 हे डिलीट होते. तुम्ही वेअरहाऊसमधून नोंद खरोखर काढून टाकली. मग वाचणारा पुन्हा सुरू झाला आणि 140 परत आली. तुलना करायला आता काही शिल्लकच नाही. नोंद सापडत नाही म्हणून तुमचा मर्ज ती नव्याने घालतो, आणि मेलेली ऑर्डर जिवंत होते. 190 पुन्हा येईल तेव्हा ती जाईल, पण त्या मधल्या काळात कोणी अहवाल काढला तर तो चुकीचा. म्हणून नोंद काढू नका. तिच्यावर ‘हटवली’ अशी खूण आणि 190 हा क्रमांक ठेवा, अहवाल काढणाऱ्यांना खूण नसलेल्या नोंदींचा व्ह्यू द्या, आणि खूण केलेल्या नोंदी काही दिवसांनी झाडून काढा. किती दिवसांनी, तर जुनी घटना परत येण्याची शक्यता संपल्यावर.

आता स्लॉटकडे परत येतो, कारण मला सर्वांत महाग पडलेला धडा तिथलाच आहे. स्लॉट म्हणजे ‘मी इथपर्यंत वाचले आहे, याच्या पुढचे पुसू नका’ असे डेटाबेसकडून घेतलेले वचन. डेटाबेस ते वचन अक्षरशः पाळतो. आमच्या एका सर्व्हरवर दोन डेटाबेस होते. एक अतिशय गजबजलेला, दुसऱ्यात दिवसाला मोजके बदल. आम्ही सीडीसी लावली ती शांत डेटाबेसवर, जोखीम कमी म्हणून. शुक्रवारी सगळे ठीक होते. रविवारी सर्व्हरची डिस्क भरली आणि पोस्टग्रेस बंद पडला, गजबजलेल्या डेटाबेससकट. वाचणारा शेवटपर्यंत चालूच होता, त्याच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती.

कारण समजायला मला वेळ लागला. स्लॉट एका डेटाबेसचा असतो, पण लॉग अख्ख्या सर्व्हरचा एकच. शांत डेटाबेसमध्ये शनिवार-रविवारी काही बदललेच नाही, म्हणून आमच्या वाचणाऱ्याकडे घटना आली नाही, आणि घटना नाही म्हणून त्याने पोच दिली नाही. शेजारचा डेटाबेस मात्र तासाला 3 जीबी लॉग लिहीत होता. 60 तासांत 180 जीबी, आणि त्यातला एक बाइटही पुसायची परवानगी नव्हती.

हे आधी कळू शकले असते. एवढीच क्वेरी पुरे:

```sql
SELECT slot_name, active, wal_status,
       pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
         pg_current_wal_lsn(), restart_lsn)) AS retained
FROM pg_replication_slots;
```

आमचे लक्ष `active` वर होते आणि ते शेवटपर्यंत `t` होते. पाहायला हवे होते `retained`. तो आकडा वरखाली होत राहिला तर ठीक. तो सतत एकाच दिशेने वाढत असेल, तर वाचणारा जिवंत दिसत असला तरी पुढे सरकलेला नाही. आम्ही शांत डेटाबेसमध्ये एक छोटे टेबल केले आणि दर मिनिटाला त्यातली एकच नोंद बदलू लागलो. डेबेझियममध्ये `heartbeat.interval.ms` आणि `heartbeat.action.query` या सेटिंग त्यासाठीच आहेत. त्या ठोक्यामुळे घटना येते, पोच जाते, आणि जुना लॉग मोकळा होतो.

दुसरी सोय पोस्टग्रेस 13 पासूनची: `max_slot_wal_keep_size`. मूळ मूल्य -1, म्हणजे मर्यादा नाही. मर्यादा घातली आणि स्लॉट तिच्याबाहेर मागे राहिला, तर डेटाबेस वचन मोडतो, लॉग पुसतो, आणि `wal_status` मध्ये `lost` दिसते. मग पहिली प्रत पुन्हा घ्यावी लागते. काही सहकाऱ्यांना ही मर्यादा नको असते, कारण त्यात वेअरहाऊसचा धागा तुटतो. मी ती नेहमी घालतो. वेअरहाऊस दोन दिवसांत पुन्हा भरता येते. ज्या डेटाबेसवर लोकांची कामे चालू आहेत तो मागे पडलेल्या एका वाचकासाठी थांबवणे मला मान्य नाही. मायएसक्यूएलमध्ये याच्या उलट घडते. तिथे कोणी वाचले की नाही हे न पाहता बिनलॉग मुदत संपली की जातो. 8.0 मध्ये मूळ मुदत 30 दिवसांची आहे. तिथे डिस्कऐवजी वाचणाऱ्यावर घड्याळ लावावे लागते.

‘मग रात्रीची प्रत बंदच करायची का’ असे तुम्ही विचाराल. दोन-चार लाख नोंदींच्या, क्वचित बदलणाऱ्या टेबलांची प्रत मी अजूनही रात्रीच घेतो. ती दोन मिनिटांत होते, आणि चुकली तर उद्या आपोआप दुरुस्त होते. सीडीसीत चूक आपोआप दुरुस्त होत नाही. एकदा सुटलेली घटना सुटलेलीच राहते. म्हणून मोठ्या टेबलांवरही आठवड्यातून एकदा मी दोन्हीकडच्या नोंदी, आयडीच्या पट्ट्या पाडून, मोजतो आणि प्रत्येक पट्टीचा चेकसम जुळवतो. चालू बदलांचा गोंधळ नको म्हणून शेवटच्या एका तासात बदललेल्या नोंदी त्यातून वगळतो. जी पट्टी जुळत नाही, तेवढीच पुन्हा आणतो.