चार गुणाकार आणि एक भागाकार

पडद्यावर एक बहुपदी आहे: ३x⁴ − ५x³ + २x − ७. तिची x = २ असतानाची किंमत हवी आहे. प्रत्येक पद स्वतंत्रपणे सोडवायचे ठरवले, तर पहिल्या पदासाठी चार, दुसऱ्यासाठी तीन आणि तिसऱ्यासाठी एक, असे आठ गुणाकार करावे लागतात. त्यात x चे घात दर वेळी नव्याने काढण्याची पुनरुक्ती आहे. ती टाळण्यासाठी बहुपदी कंसात कंस घालून लिहू या: (((३x − ५)x + ०)x + २)x − ७. आता सर्वांत आतल्या कंसापासून बाहेर येत गेल्यास ३, १, २, ६ आणि शेवटी ५ या संख्या मिळतात, आणि गुणाकार लागतात केवळ चार.

ही रीत विल्यम हॉर्नर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा लेख १८१९ मधला. पण चीनमधील छिन च्यु-शाव यांच्या १२४७ च्या ग्रंथात समीकरणे सोडवताना हीच मांडणी आढळते, त्यामुळे नाव काहीसे अन्यायकारकच म्हणावे लागेल.

आता याच बहुपदीला (x − २) ने भागू या. शाळेत शिकवली जाणारी संश्लेषक भागाकाराची मांडणी अशी दिसते:

```
२ | ३  −५   ०   २   −७
  |      ६   २   ४   १२
  ----------------------
    ३   १   २   ६    ५
```

तळाच्या ओळीत मघाच्याच संख्या आल्या आहेत. भागाकार ३x³ + x² + २x + ६ आणि बाकी ५. हा योगायोग नव्हे. भागाकारातील x² चा सहगुणक b मानला, तर (x − २) शी गुणल्यावर x³ चा सहगुणक b − २ × ३ होतो आणि तो −५ असायला हवा; म्हणून b = २ × ३ − ५ = १, म्हणजे नेमकी आतल्या कंसाची किंमत. पुढच्या प्रत्येक सहगुणकाला हेच लागू पडते. बाकी ही बहुपदीची किंमत असते, कारण x = २ ठेवताच (x − २) हा अवयव शून्य होतो.

चूक बहुधा गाळलेल्या पदाच्या जागी होते. x² चे पद नाही म्हणून मधले शून्य लिहिले नाही, तर उत्तर ५ ऐवजी १ येते, कारण आपण नकळत ३x³ − ५x² + २x − ७ या वेगळ्याच बहुपदीची किंमत काढलेली असते. वरच्या ओळीतील संख्या कोटीपेक्षा एकाने अधिक, म्हणजे येथे पाच आहेत ना, एवढे मोजले की ही चूक सापडते.

तळाची ओळ पुढेही कामी येते. ३, १, २, ६ यांना पुन्हा २ ने तसेच चालवले, तर ३, ७, १६, ३८ मिळतात, आणि ३८ ही मूळ बहुपदीच्या विकलजाची x = २ येथील किंमत आहे. न्यूटनच्या रीतीने मूळ शोधताना किंमत आणि विकलज दोन्ही लागतात, ती अशी एकाच कोष्टकातून मिळतात.

याहून कमी गुणाकारांत काम होईल का? सहगुणकांवर आधी काही प्रक्रिया केलेली नसेल, तर n कोटीच्या सर्वसाधारण बहुपदीसाठी n गुणाकार लागतातच, हे व्ही. पॅन यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. अट ‘सर्वसाधारण’ या शब्दात आहे: x⁶⁴ + १ साठी वर्गाचा वर्ग करत गेल्यास सहा गुणाकार पुरतात, तर कंसांची रीत आंधळेपणाने वापरल्यास चौसष्ट पायऱ्या चढाव्या लागतात.