शंभर अंशांवरचे पाणी नेमके कोणते?

आजच्या विषयात अमोनियाच्या संश्लेषणाचा उल्लेख आहे आणि तिथपर्यंत मी पोहोचणार आहे. मात्र त्याआधी एका जुन्या तक्रारीला वाट करून देण्याची परवानगी मला आपण द्यावी. सभागृहात बहुतेक जण रसायनशास्त्र शिकवणारे किंवा शिकणारे असल्यामुळे एन्थाल्पी म्हणजे काय, हेस यांचा नियम कोणता, हे मी गृहीत धरतो.

आपल्या तक्त्यांमधल्या अभिक्रियांच्या एन्थाल्पी साधारणपणे २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या असतात. नागपुरात मे महिन्यात २५ अंश ही कल्पनाच करावी लागते. पण भट्टीतली किंवा कारखान्यातली अभिक्रियाही २५ अंशांवर क्वचितच होते. मग नव्या तापमानाला एन्थाल्पी काढायची कशी? याचे उत्तर गुस्ताव किरखॉफ यांनी १८५८ मध्ये दिले. विद्युतमंडलांचे नियम ज्यांच्या नावाने आपण पाठ केले, तेच हे गृहस्थ. एकाच माणसाच्या नावाचे इतके नियम असल्यामुळे विद्यार्थी कधीकधी उष्मारसायनाच्या उत्तरपत्रिकेत विद्युतप्रवाहाची बेरीज करून येतात.

नियम असा: ΔH(T₂) = ΔH(T₁) + ΔCₚ (T₂ − T₁). यातील ΔCₚ म्हणजे उत्पादितांच्या एकूण उष्माधारकतेतून अभिकारकांची एकूण उष्माधारकता वजा करून मिळणारा आकडा. सूत्र सोपे आहे, आणि माझी तक्रार नेमकी या सोपेपणाबद्दल आहे, कारण सोपे सूत्र मंत्रासारखे म्हटले जाते आणि त्यामागची वाट कोणी चालून पाहत नाही.

ती वाट आपण चालून पाहू. हायड्रोजनचा एक मोल आणि ऑक्सिजनचा अर्धा मोल १०० अंशांवर आहेत आणि त्यांच्यापासून १०० अंशांवरचीच वाफ हवी आहे. सेमिनरी हिल्सवर कोणत्याही रस्त्याने गेलो तरी चढलेली उंची तीच राहते, तशीच एन्थाल्पी वाटेवर अवलंबून नसते. म्हणून आपण आडवाट घेऊ. आधी दोन्ही वायू २५ अंशांपर्यंत थंड करायचे. हायड्रोजनची मोलर उष्माधारकता २८.८२ आणि अर्ध्या मोल ऑक्सिजनची १४.६८, मिळून ४३.५० ज्यूल प्रति केल्विन. ७५ अंश खाली येताना ३.२६ किलोज्यूल बाहेर पडतात. मग २५ अंशांवर अभिक्रिया घडवायची. तक्त्याप्रमाणे वाफेसाठी −२४१.८२ किलोज्यूल. शेवटी ती वाफ १०० अंशांपर्यंत तापवायची. तिची उष्माधारकता ३३.५८, म्हणजे २.५२ किलोज्यूल आत घालावे लागतात. तिन्हींची बेरीज −२४२.५६ किलोज्यूल. पंचाहत्तर अंशांच्या फरकाने पाऊण किलोज्यूलचाही बदल झाला नाही. २५ अंशांवर एका बार दाबाची वाफ प्रत्यक्षात अस्तित्वात नसते, अशी शंका चाणाक्ष श्रोत्याने घ्यावी. तक्त्यातली ती वाफ आदर्श वायू मानलेली, हिशेबापुरती आहे.

आता माझी तक्रार. एका परीक्षेच्या आदर्श उत्तरांत, कोणत्या ते विचारू नये, हेच उदाहरण होते. फरक इतकाच की सुरुवातीची एन्थाल्पी −२८५.८३, म्हणजे द्रवरूप पाण्याची घेतली होती आणि उष्माधारकता मात्र वाफेची. उत्तर आले −२८६.५७, आणि त्याला पूर्ण गुण होते. ज्या मुलीने उत्पादित वाफ आहे असे स्पष्ट लिहून −२४२.५६ उत्तर काढले, तिचे गुण कापले गेले. मी तोंडी विचारणा केली तेव्हा ‘सर, सूत्र तेच आहे ना?’ असा प्रतिप्रश्न आला. सूत्र तेच होते, पण पाणी दोन निराळी होती! त्या उत्तरात आडवाटेच्या मधल्या टप्प्यावर द्रव तयार होतो आणि पुढच्या टप्प्यावर, कोणतीही उष्णता न घेता, तो वाफेसारखा तापू लागतो.

हे चुकले आहे हे ओळखण्यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. द्रवाचा हिशेब प्रामाणिकपणे करून पाहा. द्रव पाण्याची उष्माधारकता ७५.२९, तीतून ४३.५० वजा केल्यास ΔCₚ येतो +३१.७९, म्हणजे चिन्हच बदलते. पंचाहत्तर अंशांसाठी +२.३८ किलोज्यूल, आणि १०० अंशांवर द्रव पाण्याच्या निर्मितीची एन्थाल्पी −२८३.४५. आता ही आणि वाफेची, दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा. त्यांतला फरक ४०.८९ किलोज्यूल. हा फरक म्हणजे १०० अंशांवर एक मोल पाण्याच्या बाष्पीभवनाची एन्थाल्पी असली पाहिजे, आणि मोजलेली किंमत सुमारे ४०.७ आहे. उरलेला अल्प फरक उष्माधारकता स्थिर मानल्यामुळे आणि खरी वाफ पूर्णपणे आदर्श वायू नसल्यामुळे पडतो. आदर्श उत्तरातला आकडा मात्र या कसोटीवर कुठेच बसत नाही.

याच ओघात कूलरविषयी एक वाक्य. बाष्पीभवनाची एन्थाल्पी २५ अंशांवर ४४.० किलोज्यूल आणि ४५ अंशांवर सुमारे ४३.२ आहे, म्हणजे कूलर चालत नाही याचा दोष किरखॉफ यांच्याकडे जेमतेम दोन टक्के जातो, बाकीचा हवेतल्या दमटपणाला द्यावा.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे, तेव्हा अमोनिया घाईने. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन मोल मिळून अमोनियाचे दोन मोल. २५ अंशांवर −९१.८ किलोज्यूल. ΔCₚ त्या तापमानाला −४४.३ ज्यूल प्रति केल्विन आहे. ७०० केल्विनपर्यंत, म्हणजे ४०२ अंशांच्या फरकावर, तो स्थिर मानला तर −१७.८ किलोज्यूलची भर पडते आणि उत्तर −१०९.६ येते. खरे उत्तर सुमारे −१०५ आहे.

पाण्याच्या वेळी चाललेले गृहीतक इथे का ढासळले? अमोनियाची मोलर उष्माधारकता २५ अंशांवर ३५.७ आहे, तर ७०० केल्विनला ती ४८.४ होते, कारण त्याच्या रेणूतली छत्रीसारखी उलटणारी हालचाल आणि इतर कंपने तापमानाबरोबर उष्णता शोषू लागतात. हायड्रोजन आणि नायट्रोजनची कंपने ताठ असल्यामुळे त्यांच्या उष्माधारकता तिथेही फारशा वाढत नाहीत, अनुक्रमे २९.४ आणि ३०.८ इतक्याच. म्हणून ७०० केल्विनला ΔCₚ निम्म्यावर, −२२.४ वर येतो.

सूक्ष्म हिशेबासाठी Cₚ = a + bT + c/T² अशी सूत्रे वापरून संकलन करावे. पण फळ्यावर उभे राहून करायचे असेल तर दोन्ही टोकांच्या ΔCₚ ची सरासरी, −३३.३, घ्यावी, ४०२ ने गुणून −१३.४, आणि उत्तर −१०५.२. वाटेत एखाद्या घटकाची अवस्था बदलत असेल, तर संकलन त्या तापमानाला तोडून तिथली एन्थाल्पी वेगळी मिळवावी लागते. अमोनियात तशी वेळ येत नाही, कारण २५ अंशांपासून तिन्ही घटक वायूच आहेत. आणि ज्यूलला हजाराने भागल्याशिवाय किलोज्यूलमध्ये मिळवू नये. यावरच्या तक्रारीला मात्र स्वतंत्र व्याख्यान लागेल.