पुरणपोळीचं पान ओट्यावरून वाचता आलं पाहिजे

नमस्कार मंडळी! घरच्या रेसिपींचं पुस्तक छापायचंय ना, मग आज एकच पान लावून बघू, पुरणपोळीचं, कारण तेव्हा हात कणकेत असतात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात आणि पुस्तक कुठल्यातरी डब्याला टेकवलेलं असतं.

हातातलं पुस्तक आपण फूट-सव्वा फुटावरून वाचतो, ओट्यावरचं दोनेक फुटांवरून. म्हणून कादंबरीतला १२ पॉइंट इथे पुरत नाही, १६ ते १८ घ्या. फॉन्ट साधा, एकसारख्या जाडीचा, उदाहरणार्थ मुक्ता, फुकट मिळतो. इटॅलिक मात्र नकोच, बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरं इटॅलिक नसतंच, सॉफ्टवेअर अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतं आणि ते वाकडंच दिसतं.

आता ओळींमधलं अंतर. आपल्या लिपीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार वर चढतात, त्यामुळे दीडपट अंतर ठेवा. वर्डमध्ये अंतर 'Exactly' वर ठेवून आकडा कमी टाकलात तर वरचं टोक कापलं जातं, अनुस्वार गायब होतो, आणि हिंगाचा हिग होतो. प्रिंट काढल्यावर आधी हेच बघा.

साहित्य परिच्छेदात लिहू नका. डावीकडे माप, ठळक, उजवीकडे जिन्नस. आणि पुरण वेगळं, कणीक वेगळी, कारण एकत्र लिहिलं की कुठलं कशात घालायचं ते कळत नाही.

पुरणासाठी
१ वाटी हरभरा डाळ
१ वाटी चिरलेला गूळ
अर्धा चमचा वेलची पूड

बघा, इथे मुद्दाम 'अर्धा' लिहिलंय. १/२ ची तिरकी रेघ तुपाच्या बोटाखाली गेली की १२ वाचलं जातं! पाव, पाऊण, दीड, अडीच, सगळं अक्षरातच लिहा.

कृतीत तेच माप परत लिहायचं. 'गूळ घाला' नाही, '१ वाटी गूळ घाला', म्हणजे ढवळता ढवळता साहित्यात शोधत बसावं लागत नाही. एका पायरीत एकच थांबा. डाळ शिजवून कट काढणं ही एक, गूळ घालून झारा उभा राहीपर्यंत आटवणं ही दुसरी, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढणं ही तिसरी. कणीक भिजवून ठेवायला वेळ लागतो, म्हणून ती पायरी पुरणाच्याही आधी, नाहीतर पुरण तयार आणि कणीक डब्यातच.

ओळी डावीकडून सुरू करा, उजवी कड सरळ करायच्या नादात शब्दांमध्ये भोकं पडतात. साहित्य डाव्या पानावर, कृती समोरच्या उजव्या पानावर, म्हणजे पान उलटायला नको. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते. आणि बाइंडिंग स्पायरल, नाहीतर पुस्तक आपोआप मिटतं आणि मग त्यावर वरवंटा ठेवा!