बार बंद होईपर्यंत पेन्सिल

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे शेअर बाजाराच्या चार्टवरचे तीन इंडिकेटर छापले आहेत : ईएमएसारख्या सरासऱ्या, बोलिंजर बँड, आणि ठरावीक बारांमधला, म्हणजे ठरावीक वेळाच्या भाव-नोंदींमधला, उच्चांक. तिन्ही येतील, आणि नवा बार आला की ते कसे पुढे न्यायचे हेही. पण मला मधल्या एका तक्रारीवर थोडा वेळ लागतो, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. ते हसतायत, म्हणजे माहीत आहे.

वेगाचा मुद्दा लगेच संपवतो. २०० चिन्हं, प्रत्येकी ५,००० बार, दहा इंडिकेटर. नवा बार आला की सगळा इतिहास पुन्हा चालवायचा, म्हणजे एक कोटी पायऱ्या. फक्त नवा बार मिळवायचा असेल तर दोन हजार. झालं. यावर कुणाशी वाद नाही, आणि यंत्रं वेगवान झाल्यामुळे बरेच जण म्हणतात, ‘चालतंय की, कशाला हात लावायचा?’ त्यांचं अगदीच चूक नाही. रात्री एकदा चालणारा प्रोग्रॅम असेल तर खरोखर हात लावू नका.

तसं पाहिलं तर फक्त नवा बार मिळवायची ही पद्धत नवीही नाही. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली भावातली वाढ आणि घट यांच्या सरासऱ्यांवरून निघणारा आरएसआय मांडला, त्यातली सरासरीच अशी आहे : कालची सरासरी १३ ने गुणा, आजची भर मिळवा, १४ ने भागा. इतिहास लागतो कुठे? खतावणीत ‘मागील पानावरून पुढे’ लिहून एक आकडा आणतात ना, तेवढाच. आपण संगणक आणले आणि रोज पहिल्या पानापासून बेरीज करायला लागलो.

आता तक्रार. एका चमूने, नाव घेत नाही, आपली प्रणाली अशी नव्या बारागणिक चालणारी केली. काही दिवसांनी बोलावणं आलं : ‘दुपारनंतर ईएमए चार्टशी जुळत नाही. रीस्टार्ट केलं की जुळतो.’ मी विचारलं, मग काय करता? म्हणाले, ‘दर तासाला आपोआप रीस्टार्ट लावलाय.’ (हशा) हसू नका, तुमच्यातल्या दोघांनी मान खाली घातलेली मला दिसली.

रीस्टार्ट केल्यावर बरं होणं, हे या दुखण्याचं खास लक्षण आहे. सुरू होताना प्रोग्रॅम इतिहासातले बंद झालेले बार वाचतो, एकेक बार एकदाच. म्हणून आकडा बरोबर. पण चालू बाजारात शेवटचा बार बंद नसतो. तो मिनिटभर घडत असतो, आणि प्रत्येक टिकला, म्हणजे नवा भाव आला की, त्याचा क्लोज, म्हणजे शेवटचा भाव, बदलतो. या चमूचा कोड प्रत्येक टिकला `update` बोलावत होता. म्हणजे एकच बार खात्यात चार-चार वेळा जमा.

आकडे घालून बघू. ९ बारांचा ईएमए, म्हणजे गुणक २ भागिले १०, ०.२. मागच्या बंद बाराला ईएमए १०० होता. नव्या बारात क्लोज ११० दिसला, मग १०५, मग १०२, आणि बार १०१ ला बंद झाला. बरोबर उत्तर : १०१ वजा १००, त्याचे ०.२, म्हणजे ईएमए १००.२. मधल्या टिकांचा काहीही संबंध नाही. त्यांच्या कोडमध्ये ११० ला १०२ झाला, १०५ ला १०२.६, १०२ ला १०२.४८, आणि शेवटी १०१ ला १०२.१८४.

आता किंमत कुठे आहे ते पाहा. १०१ हा आकडा १००.२ च्या वर आहे, आणि १०२.१८४ च्या खाली. म्हणजे चूक नुसती दशांशात नाही, भाव ईएमएच्या वर की खाली हा इशाराच उलटा झाला. पुढच्या बाराच्या प्रत्येक टिकला ही चूक ०.८ ने गुणली जाऊन विरते, पण तो नवा बार स्वतःची चूक घेऊन येतो, त्यामुळे ती कधीच संपत नाही. टिका कमी असल्या की चूक लहान, बाजार उसळला की मोठी. म्हणून शांत दिवशी चाचणी घेतलीत तर सगळं ठीकच दिसतं.

उपाय इतका छोटा आहे की तो सांगायचे पैसे घ्यायला लाज वाटते. घडणाऱ्या बाराची नोंद पेन्सिलीने, बंद बाराची शाईने. पडद्यावर आहे :

```python
class EMA:
    def __init__(self, n, seed):
        self.a = 2 / (n + 1)
        self.v = seed

    def peek(self, c):
        return self.v + self.a * (c - self.v)

    def close(self, c):
        self.v = self.peek(c)
        return self.v
```

`peek` कितीही वेळा बोलवा, आत काही हलत नाही. `close` प्रत्येक बाराला एकदाच. आणि ‘एकदाच’ची खात्री हवी असेल तर शेवटच्या बंद बाराची वेळ स्टेटसोबत, म्हणजे पुढे नेलेल्या आकड्यांसोबत, ठेवा, त्याच वेळेचा किंवा जुना बार आला तर नाकारा. कनेक्शन तुटून पुन्हा जुळलं की फीड तोच बार परत पाठवू शकतो. तो नाकारला नाही, तर वरची सगळी कथा दुसऱ्या दाराने आत येते.

पडताळणीही सोपी. तोच इतिहास एकेका बाराने चालवा, तोच एकदम चालवा, आणि प्रत्येक बाराला दोन्ही आकडे ताडा. फक्त सुरुवात सारखी ठेवा. पांडाजमध्ये `ewm(span=9)` नुसतं लिहिलंत तर `adjust=True` गृहीत धरलं जातं आणि सुरुवातीचे आकडे वेगळे येतात. आपल्या सूत्राशी जुळणारं `adjust=False`, आणि तेव्हा `seed` म्हणजे पहिला क्लोज. वाइल्डरच्या १४ च्या सरासरीत सुरुवातीच्या आकड्याचा वाटा ५० बारांनंतर साधारण अडीच टक्के उरतो, १०० नंतर टक्क्याचा सोळावा भाग. तेव्हा कुणी शेवटचेच ५० बार घेऊन आरएसआय काढत असेल आणि तुमच्याशी जुळत नसेल, तर भांडू नका, त्याला आणखी बार द्या.

किती वाजले? दहा मिनिटं? बरं, पाच. मग उरलेलं पळतपळत.

साधी सरासरी : शेवटचे २० क्लोज फिरत्या रांगेत, सोबत बेरीज. नवा मिळवा, जुना वजा करा. दशांशांची बारीक चूक साठत जाते, म्हणून रांगेची फेरी पूर्ण झाली की बेरीज रांगेतूनच नव्याने करा. वीस बारांतून एकदा वीस बेरजा, खर्च नगण्य.

बोलिंजर बँड सरासरीभोवती प्रमाण विचलनाने काढतात, त्यासाठी क्लोजच्या वर्गांची बेरीज ठेवतात, तिथे सापळा आहे. किंमत ५०,००० च्या आसपास आणि बाजार ठप्प असेल तर दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी शून्याच्या किंचित खाली जाऊ शकते, आणि वर्गमूळ `NaN`. बँड शांत बाजारातच गायब होत असेल तर आधी इथे बघा. प्रत्येक क्लोजमधून जवळची एक स्थिर किंमत वजा करून मगच वर्ग करा.

उच्चांकासाठी दोन्ही टोकांनी उघडी रांग. नवा बार बंद झाला की शेपटाकडून त्याच्याहून कमी असलेले सगळे काढा, मग त्याला ठेवा. डोक्याकडचा मुदत संपलेला काढा. डोक्यावर उरतो तो उच्चांक. `peek` करताना मात्र डोक्यावरच्याची मुदत या बारासोबतच संपत असेल, तर त्याच्या मागचा धरायचा. इथे हमखास चुकतं.

शेवटचं. जुना बार दुरुस्त होऊन आला तर पुढे नेलेला आकडा निरुपयोगी. त्या बाराच्या आधीच्या जतन केलेल्या स्टेटवर जा आणि तिथपासून पुढे चालवा. म्हणून स्टेट मधूनमधून जतन करायचं. शेअरचा एकाचे दोन असा स्प्लिट झाला तर इतिहास पुन्हा चालवायचीही गरज नाही : ईएमए निम्मा, वाइल्डरच्या दोन्ही सरासऱ्या निम्म्या, रांगांमधल्या किमती आणि त्यांच्या बेरजा निम्म्या, वजा केलेली ती स्थिर किंमत निम्मी, वर्गांची बेरीज मात्र पाव. आरएसआय तोच राहतो, कारण तो गुणोत्तर आहे. हं, मागे कुणाचा हात वर होता?