सरळ गुडघा आणि चालण्याच्या शर्यतीतील वेग

चालण्याच्या शर्यतीचे मुख्य नियम दोनच आहेत. एक पाय तरी जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे, हा पहिला. आणि पुढे पडणारा पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे, हा दुसरा. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाय केवळ उभ्या स्थितीत सरळ असला, तरी चालत असे. आता तो टेकतानाच सरळ हवा, आणि नवख्या स्पर्धकाची खरी अडचण इथेच होते.

पंचांना यंत्राचा आधार नसतो. ते डोळ्यांनीच पाहतात. गुडघा वाकतो आहे अशी शंका आली, तर पंच कोनाचे चिन्ह असलेला पिवळा फलक दाखवतात. दोषाची खात्री पटली, तर लाल कार्ड देतात. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डे झाली की स्पर्धक बाद होतो किंवा, शर्यतीत दंडकक्षाची सोय असेल, तर त्याला तिथे ठरावीक वेळ थांबावे लागते.

गुडघा वाकला की आपण दोष मांडीच्या अशक्तपणाला देतो. थकव्याने मांडी ढिली पडते हे खरे, पण माझ्या मते पहिला संशय पाऊल कुठे पडते यावर घ्यावा. वेगाच्या हव्यासाने पाऊल फार पुढे टाकले, तर टाच ब्रेकसारखी जमिनीवर आदळते आणि तो धक्का झेलताना गुडघा मोडतो. लांबी पुढून नव्हे, मागून मिळवायची असते: कंबर पायाबरोबर फिरली आणि मागच्या पायाच्या चवड्याने जमीन शेवटपर्यंत ढकलली, की पाऊल लांबते, आणि पुढचा पाय मात्र शरीराजवळच पडतो.

उदाहरण घेऊ. किलोमीटरला 6 मिनिटे घेणारा स्पर्धक मिनिटाला सुमारे 167 मीटर जातो, म्हणजे मीटरभराच्या पावलाने तेवढीच पावले टाकतो. त्याला 5 मिनिटे 30 सेकंदांवर यायचे असेल, तर मिनिटाला सुमारे 182 मीटर जावे लागेल. ही वाढ बहुतांशी पावलांच्या संख्येतून, 180च्या आसपास नेऊन, साधावी.

त्यासाठी आठवड्यातून एकदा 400 मीटरचे आठ फेरे, प्रत्येकी 2 मिनिटे 12 सेकंदांत, मध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती घेऊन करावेत. लांब अंतराची चाल संथ गतीने वेगळ्या दिवशी ठेवावी. सुरुवातीला नडगीचा स्नायू भरून येतो, कारण टाच टेकताना चवडा वर धरण्याचे काम त्याचे असते. तो भरला की चवडा लवकर आपटतो आणि गुडघाही वाकू लागतो. म्हणून मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून शेवटचे दोन फेरे मंद गतीच्या चित्रणात टिपावेत, आणि टाच टेकण्यापासून कंबर घोट्याच्या वर येईपर्यंतची चित्रे एकेक करून पाहावीत. सातव्या फेऱ्यात गुडघा वाकलेला दिसला, तर घड्याळात वेळ बरोबर असली तरी पुढच्या आठवड्यात सहाच फेरे करावेत.