तीन पेनं, एकच मोजपट्टी

मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना सारखे ठेवले की न्याय झाला, असं आपण धरून चालतो. आज मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे गुणपत्रकावर. प्रश्न सारखे असूनही तीन मुलाखतकार तीन वेगळ्याच गोष्टींना गुण देत असतात, आणि बेरीज मात्र आपण बिनधास्त करतो.

गोदामात साठ्याची जबाबदारी सांभाळणारा माणूस निवडायचा होता. एक प्रश्न असा होता: ‘नोंदवहीतला साठा आणि प्रत्यक्ष माल जुळला नाही, अशी अलीकडची वेळ सांगा. तुम्ही काय केलंत?’ प्रश्न चांगला आहे, कारण तो ‘तुम्ही काय कराल?’ असं न विचारता घडलेलं विचारतो. पण गुणपत्रकावर एवढंच छापलेलं होतं: १ वाईट, ३ ठीक, ५ उत्तम.

पहिला उमेदवार अडखळत बोलला. चाळीस पोती कमी भरली, त्याने पुन्हा मोजली, पावत्या काढल्या, माल बाहेर गेल्याची एक पावती चढवायची राहिली होती ती सापडली, वरिष्ठांना सांगून नोंद दुरुस्त केली. त्याला गुण मिळाले २, ३ आणि ४. दुसरा छान बोलला. ‘आम्ही लगेच बैठक घेतली, आम्ही पूर्ण आढावा घेतला.’ त्याला ५, ४ आणि २. बेरीज ९ विरुद्ध ११, म्हणजे दुसरा पुढे.

हे आकडे नीट बघा. एखादा मुलाखतकार हाताने कडक असतो आणि सगळ्यांनाच एकेक गुण कमी देतो. तेच मंडळ सगळ्यांना भेटत असेल तर त्याने क्रम बदलत नाही. (उमेदवार वेगवेगळ्या मंडळांपुढे गेले, तर मात्र कडक मंडळ वाट्याला आलेला मार खातो.) इथे तसं नव्हतं. ज्याने पहिल्याला सर्वांत कमी दिले, त्यानेच दुसऱ्याला सर्वांत जास्त दिले. तिसऱ्या मुलाखतकाराचं नेमकं उलट. असे आकडे एकमेकांना छेदून गेले, की ते दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत, हे ओळखावं. विचारल्यावर कळलं: पहिला आत्मविश्वास बघत होता, तिसरा ‘यात याने स्वतः काय केलं?’ हे शोधत होता.

मग आम्ही आकड्यांपुढे वागणूक लिहिली. १ म्हणजे प्रसंग सांगता येत नाही, स्वतःचा वाटा सांगता येत नाही, किंवा कारण न शोधता वहीतला आकडा बदलला. ३ म्हणजे पुन्हा मोजलं, कागद तपासले, कारण शोधलं, दुरुस्तीची नोंद ठेवली. ५ म्हणजे एवढं करून शिवाय पद्धत बदलली आणि तिचा उपयोग झाला हे कशावरून कळलं, तेही सांगतो. २ आणि ४ हे आकडे मधल्या जागांसाठी. ‘जबाबदार’, ‘हुशार’ अशी विशेषणं कटाक्षाने काढली. ती आली की प्रत्येक जण आपला अर्थ भरतो. पुरवणी प्रश्नही दोनच ठरवले, आणि ते प्रत्येकाला विचारायचे: ‘यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?’ आणि ‘त्यानंतर काय बदललं?’

दोघांना पुन्हा बोलावून हे पुरवणी प्रश्न विचारले. पहिल्याने सांगितलं की पावती त्याच दिवशी चढवायची असा नियम त्याने घातला होता. परिणाम मात्र त्याने तपासला नव्हता. दुसऱ्याला स्वतःचा वाटा नीट सांगता येईना. नव्या पत्रकावर पहिल्याला ३, ४, ३ मिळाले, दुसऱ्याला २, २, १. पहिला आत्ताही अडखळतच बोलला होता.

पत्रक चांगलं असलं तरी दोन ठिकाणी ते वाया जातं. एक, शेवटी एकदम गुण भरणे. माणसाच्या एका गुणाची छाप त्याचे बाकीचे गुण जोखताना पडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. म्हणून प्रत्येक उत्तराचे गुण वेगळे द्या, आणि उमेदवार बाहेर गेल्यावर लगेच द्या. दोन, गुण लिहायच्या आधी बोलणे. वरिष्ठ ‘बरा वाटला’ म्हणाले की बाकीची पेनं तिकडे झुकतात. आधी लिहायचं, पत्रक उलटं ठेवायचं, मग एकदम उघडायचं. दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तिथेच चर्चा करायची, आणि तीही उमेदवाराच्या शब्दांची टिपणं समोर ठेवून. सरासरी काढून फरक झाकू नका.

हे पत्रक प्रश्नाची चूक मात्र सुधारू शकत नाही. तिघांचं एकमत झालं म्हणजे त्यांनी योग्य गोष्ट मोजली, असं होत नाही. साठ्याच्या कामाला मोठ्या सभेत बोलावं लागत नसेल, तर वक्तृत्वाचे गुण तिघांनी कितीही सारखे दिले तरी उपयोग नाही. त्यासाठी प्रश्न लिहिण्याआधी, ते काम आज करणाऱ्या माणसाजवळ बसून विचारावं लागतं: इथे चूक कुठे होते, आणि ती महाग कधी पडते?