नकाराचा मेल दुरुस्त करताना नकाराला हात लावायचा नाही

नमस्कार मंडळी. एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी सीसीटीव्ही देखभालीच्या वार्षिक कराराचा प्रस्ताव नाकारायला मेल लिहिलाय. पाठवण्याआधी मला म्हणाले, "फक्त चुका काढा. नकार आहे तेवढाच ठेवा. तो माणूस आमच्याच गल्लीतला आहे, त्यामुळे जास्त नको. पण कमीही नको, नाहीतर रोज फोन येईल."

[स्क्रीनवर मूळ मेल]

विषय: आपल्या प्रपोजल बाबत

माननिय महोदय,
आपण दिनांक १२ जून रोजी पाठवलेला सीसीटीव्ही देखभालीचा प्रस्ताव मिळाला. कार्यकारीणीच्या सभेत त्यावर चर्चा झाली असून तो स्विकारता येणार नाही असा निर्णय घेण्यात आला आहे. कारण दर आमच्या अंदाजपत्रका पेक्षा जास्त असल्याने. तरी आपण नोंद घ्यावी. आपण दिलेले कागदपत्र कार्यालयातुन घेऊन जाणे.

[पुन्हा कॅमेरा]

शुद्धलेखन पटकन उरकू. 'माननीय'मधला नी दीर्घ, 'स्वीकारता'मधला स्वी दीर्घ, 'कार्यकारिणी'तला रि मात्र ऱ्हस्व. 'कार्यालयातून'मधला तू दीर्घ. आणि 'बाबत', 'पेक्षा' ही शब्दयोगी अव्ययं, ती आधीच्या शब्दाला चिकटूनच येतात: 'प्रपोजलबाबत', 'अंदाजपत्रकापेक्षा'. यातल्या कशानेही नकार इकडचा तिकडे होत नाही.

विषयाच्या ओळीत मला 'प्रस्ताव नामंजूर झाल्याबाबत' असं लिहायचा मोह झाला होता. स्पष्ट आहे, पण मेल उघडायच्या आधीच, मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये, 'नामंजूर' हा शब्द समोरच्याच्या तोंडावर जातो. सचिवांनी तसं केलेलं नाही. म्हणजे आपणही करायचं नाही.

आता खरी मेख. "कारण दर जास्त असल्याने." 'कारण' आणि 'असल्याने' दोन्ही एकाच वाक्यात कारण सांगतायत आणि वाक्य लटकलंय. एकाला काढायचं. पण कोणाला?

'कारण' काढलं तर 'असल्याने' एकटं उभं राहत नाही, ते निर्णयाला जोडावं लागतं: "दर आमच्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त असल्याने प्रस्ताव स्वीकारता येणार नाही, असा निर्णय घेण्यात आला आहे." वाक्य सुबक झालं. पण व्हेंडरच्या जागी बसून वाचा. पहिलं कानावर काय पडतं? दर. अच्छा, म्हणजे दर खाली आणला की काम होईल! दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारित कोटेशन हजर. मूळ मेलमध्ये निर्णय आधी होता, कारण नंतर. हा क्रम उलटला की व्याकरण सुधारतं आणि नकार मात्र सैल पडतो.

म्हणून 'असल्याने' काढायचं: "कारण दर आमच्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त आहेत." वाक्य जिथल्या तिथे राहिलं. इथे 'थोडे जास्त'सुद्धा नको आणि 'फारच जास्त'सुद्धा नको. आकडा मूळ मेलमध्ये नाही, तर त्याचं वजन आपण कुठून आणणार?

'स्वीकारता येणार नाही' या तीन शब्दांमध्ये मी फक्त तो स्वी दीर्घ केला. 'सध्या स्वीकारता येणार नाही' म्हटलं की पुढच्या महिन्याची आशा लागते. 'नाकारण्यात आला आहे' म्हटलं की दार आपटल्यासारखं वाटतं. 'निर्णय घेण्यात आला आहे' हा कर्मणी प्रयोग काहींना सरकारी वाटेल, मलाही वाटतो. पण तो चुकीचा नाही, आणि 'आम्ही ठरवलं' केलं तर त्यात कोण ठरवतंय हे बदलतं. राहू दे.

'नोंद घ्यावी' याला मी 'याची' जोडलं, कशाची नोंद ते कळायला. 'कृपया' घातलं नाही.

शेवटची ओळ थोडी नाजूक. 'घेऊन जाणे' हा सूचनाफलकावरचा सूर आहे, 'चपला बाहेर काढणे' तसा, आणि 'आपण'शी तो जुळत नाही. शिवाय अनेक कागद असल्यामुळे 'कागदपत्रे' हवं. 'आपण दिलेली कागदपत्रे कार्यालयातून घेऊन जावीत.' हे मऊ करणं झालं का? नाही, कारण आधीच्याच वाक्यात सचिवांनी 'घ्यावी' लिहिलंय. त्यांचाच सूर पुढच्या ओळीत नेला.

[स्क्रीनवर दुरुस्त मेल]

विषय: आपल्या प्रपोजलबाबत

माननीय महोदय,
आपण दिनांक १२ जून रोजी पाठवलेला सीसीटीव्ही देखभालीचा प्रस्ताव मिळाला. कार्यकारिणीच्या सभेत त्यावर चर्चा झाली असून तो स्वीकारता येणार नाही, असा निर्णय घेण्यात आला आहे. कारण दर आमच्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त आहेत. तरी आपण याची नोंद घ्यावी. आपण दिलेली कागदपत्रे कार्यालयातून घेऊन जावीत.

[कॅमेरा]

कागदपत्रं किती तारखेपर्यंत न्यायची, हे मेलमध्ये नाही, आणि मी घातलेलंही नाही. मुदत टाकली की ती नोटीस होते. ती हवी असेल तर सचिवांनी समितीला विचारून स्वतः लिहावी.